१ जूनचे वाढदिवस आणि बँकेची नवी प्रणाली

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या सहकारी बँकेच्या खातेदारांची यादी जन्मतारखेप्रमाणे लावली, तर १ जूनला मोठी गर्दी दिसते. याचे कारण शाळेत आहे. जन्माची नोंद नसलेले मूल जूनमध्ये पहिलीत घालायला आणले, की गुरुजी त्याचे वय अंदाजाने धरत आणि दाखल्यावर १ जून लिहून मोकळे होत. पुढे तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, नोकरीच्या कागदांवर, पॅन कार्डावर आणि बँकेच्या अर्जावर चढली. घराघरांत यावरून विनोद होतात. पण बँकेचा डेटा जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत नेणाऱ्या माणसाला ही गर्दी फार उपयोगी पडते. काम चुकले आहे का, हे ती एका नजरेत सांगू शकते.

ते कसे, हे कळायला आधी या कामाचा मुख्य कागद पाहायला हवा. त्याला ‘फील्ड मॅपिंग’ किंवा नुसते ‘मॅपिंग शीट’ म्हणतात. जुन्या प्रणालीतला कोणता रकाना नव्या प्रणालीतल्या कोणत्या रकान्यात जाणार, जाताना त्यात काय बदल होणार, माहिती कोरी किंवा चुकीची निघाली तर काय करायचे आणि बदल बरोबर झाला हे कसे तपासायचे, एवढे सगळे त्यात ओळीने लिहिलेले असते. दिसायला ती एक साधी एक्सेलची शीट असते. प्रत्येक ओळीमागे मात्र एक निर्णय असतो. तो निर्णय बँकेने घेतला नाही, तर रात्री उशिरा काम करणारा प्रोग्रामर स्वतःच्या अंदाजाने घेतो.

उदाहरणासाठी एक तालुक्याच्या गावची बँक धरू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण असे प्रकार घडतात ते अशाच बँकांत. बँक १९८७ सालची. नव्वदीत तिने फॉक्सप्रोवर बनवलेली प्रणाली घेतली आणि आजवर तीच ओढत आणली. (फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये आली आणि मायक्रोसॉफ्टने तिचा आधार २०१५ मध्ये काढून घेतला. तरीही महाराष्ट्रात ती अनेक टेबलांवर पुढे कित्येक वर्षे चालत राहिली.) ग्राहकांच्या फाइलीत १८,६४० नोंदी आहेत आणि त्या आता नव्या कोअर बँकिंग प्रणालीत न्यायच्या आहेत.

मॅपिंग शीटमधली जन्मतारखेची ओळ पहिल्या मसुद्यात बहुधा अशी दिसते:

```
CUST_DOB  char(8)  DD/MM/YY   ->   BIRTH_DATE  date  YYYY-MM-DD
```

वाचणाऱ्याला वाटते, यात अवघड ते काय? अवघड आहे ते वर्षाचे दोन आकडे. जुन्या फाइलीत `05/08/62` आहे आणि नव्या प्रणालीला चार आकडी वर्ष लागते. माणसाला लगेच कळते की हे १९६२ असणार. यंत्राला नियम सांगावा लागतो. सांगितला नाही तर ते हाताशी असलेल्या साधनाचा नियम लावते, आणि हे नियम सगळीकडे सारखे नसतात. एक्सेल सहसा ०० ते २९ या वर्षांना विसाव्या शतकातून उचलून दोन हजारात टाकते आणि ३० ते ९९ ना एकोणीसशेत ठेवते. पायथन भाषेतल्या नेहमीच्या पद्धतीत ही सीमा ६८ वर आहे: ६८ पर्यंतची वर्षे दोन हजारात आणि ६९ पासूनची एकोणीसशेत. म्हणजे १९६२ सालचा आपला खातेदार एक्सेलमधून गेला तर त्रेसष्टीच्या आसपासचा राहतो आणि पायथनमधून गेला तर त्याचा जन्म २०६२ मध्ये होणार असतो. नवी प्रणाली त्याला ज्येष्ठ नागरिक धरत नाही. अनेक बँका ज्येष्ठांना ठेवीवर साधारण अर्धा टक्का जादा व्याज देतात, ते बंद होते. तक्रार येते ती थेट पुढच्या व्याजाच्या वेळी.

यावरचा उपाय साधनाच्या सीमेत सापडत नाही, तो बँकेच्या माहितीत सापडतो. खाते उघडल्याची तारीख घ्यायची आणि जन्मवर्ष त्या तारखेच्या आधीच्या शंभर वर्षांत बसवायचे. १९९९ मध्ये खाते उघडले आणि जन्मवर्ष ४५ असेल तर ते १९४५च. २०१५ मध्ये उघडले आणि वर्ष १२ असेल तर ते २०१२, म्हणजे तीन वर्षांचे मूल, पालनकर्त्यासह. २०१० मध्ये उघडलेल्या खात्यावर १८ असेल तर २०१८ शक्यच नाही, म्हणून १९१८. शंभर वर्षांच्या पट्ट्यात दोन आकडी वर्ष एकदाच येते, त्यामुळे उत्तरही एकच निघते. वयाची शंभरी उलटल्यावर खाते उघडणारा एखादा निघालाच तर तो हाताने दुरुस्त करता येतो. आता खाते उघडल्याच्या तारखेतही वर्ष दोनच आकडी असले तर? तिथे बँकेची स्थापना कामी येते. १९८७ च्या आधीचे खाते असूच शकत नाही, म्हणून ८७ ते ९९ म्हणजे एकोणीसशे आणि बाकी सगळे दोन हजार.

हा नियम लिहिला तरी एक खोडी उरते. जुनी प्रणाली जन्मतारीख कोरी सोडू देत नसे. अर्जावर तारीख नसली की काउंटरवरचा कर्मचारी `01/01/01` दाबून पुढे जाई. असे खाते २००१ नंतर उघडलेले असेल, तर वरच्या नियमाने ती १ जानेवारी २००१ ही अगदी सभ्य दिसणारी जन्मतारीख होते आणि कुणाला संशयही येत नाही. म्हणून शीटमध्ये वेगळे वाक्य हवे: `01/01/01` ही तारीख माहिती नसल्याची खूण मानावी, नव्या प्रणालीत रकाना कोरा ठेवावा आणि ते खाते शाखेकडे चौकशीच्या यादीत पाठवावे. यात दोन-चार खरोखरच १ जानेवारी २००१ ला जन्मलेले भरडले जातील. त्यांना एक कागद दाखवावा लागेल, इतकेच.

आता १ जूनकडे येऊ. जुन्या फाइलीतून काढलेला मजकूर कुणी मध्येच एक्सेलमध्ये उघडतो, ‘जरा बघून घेतो’ म्हणून. त्या संगणकाची मांडणी अमेरिकी असेल, तर एक्सेल महिना आधी आणि दिवस नंतर असे वाचते. दिवस १२ च्या पुढचा असेल तर तारीख जुळत नाही आणि ती मजकूर म्हणून तशीच राहते. दिवस १२ किंवा त्याहून कमी असेल, तर दिवस आणि महिना गुपचूप जागा बदलतात. वर्षातल्या ३६५ तारखांपैकी १३२ अशा बिघडतात. ५ ऑगस्टचा माणूस ८ मेचा होतो. कोणताही इशारा येत नाही, कारण ८ मे हीसुद्धा खरीच तारीख आहे.

हे पकडायला नव्या प्रणालीत एक छोटी विचारणा पुरते:

```sql
SELECT MONTH(birth_date), DAY(birth_date), COUNT(*)
FROM customer
GROUP BY MONTH(birth_date), DAY(birth_date)
ORDER BY COUNT(*) DESC;
```

अशा बँकेत यादीच्या माथ्यावर १ जून असायला हवा. तिथे ६ जानेवारी दिसला, तर काय झाले ते लगेच कळते: १/६ चे ६/१ झाले आहे आणि त्याबरोबर आणखी शेकडो तारखा उलटल्या आहेत. गुरुजींनी अंदाजाने टाकलेली तारीख अशी तपासनिसाच्या कामी येते. याच यादीत १ जानेवारीचा ढीग दिसला तर खोट्या तारखांची चाळणी नीट लागलेली नाही असे समजावे.

तारखेपेक्षा नाव अधिक छळते. जुन्या फाइलीत नावासाठी ३० अक्षरांचा एकच रकाना आहे. नव्या प्रणालीत तीन आहेत: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. रकान्यात `PATIL SUNITA RAMESH` असेल तर तीन शब्दांचे तीन तुकडे करणे सोपे वाटते. पण ही क्रमवारी ‘आडनाव आधी’ आहे, आणि ती पहिली काही वर्षेच पाळली गेलेली असते. मग काउंटरवर दुसरे कुणीतरी आले आणि `SUNITA RAMESH PATIL` अशा नोंदी होऊ लागल्या. चार शब्दांचीही नावे असतात. राजे भोसले, नाईक निंबाळकर अशी जोड आडनावे आहेत, आणि ‘बाळासाहेब’ कुणी `BALA SAHEB` असे तोडून लिहिलेले असते. शिवाय ज्या गोष्टीला रकानाच नव्हता तीही नावातच कोंबलेली सापडते: `LATE`, `MINOR`, `HUF`, `& OTHERS`. सातबाऱ्यावर नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहितात त्यातलाच हा प्रकार. माहिती महत्त्वाची असते, फक्त तिची जागा चुकलेली असते.

त्यामुळे नावाच्या ओळीतला नियम एका वाक्यात मावत नाही. आधी `LATE`, `MINOR`, `HUF` असे शब्द शोधून बाजूला काढायचे आणि त्यांना त्यांच्या खऱ्या रकान्यात पाठवायचे: खातेदार हयात नाही, खातेदार अज्ञान आहे, खाते एकत्र कुटुंबाचे आहे. मग उरलेले शब्द मोजायचे. तीन असतील तर बँकेच्याच फाइलीतून तयार केलेल्या आडनावांच्या यादीशी पहिला आणि शेवटचा शब्द ताडून क्रम ठरवायचा. चार किंवा जास्त असतील तर तर्क लढवायचाच नाही, नोंद शाखेकडे पाठवायची. इथे प्रोग्रामरला मोह होतो तो ‘बहुतेक वेळा बरोबर येईल’ अशा हुशार नियमाचा. तो टाळावा. नाव चुकले की धनादेश परत जातो, केवायसी अडते आणि वारसाच्या वेळी तर घरच्यांना प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते.

नाव नीट फुटले का, याची एक चांगली परीक्षा पॅनमध्ये दडलेली आहे. पॅनच्या दहा खुणांपैकी चौथे अक्षर खातेदाराचा प्रकार सांगते: व्यक्ती असेल तर P, एकत्र कुटुंब असेल तर H. व्यक्तीच्या पॅनमधले पाचवे अक्षर तिच्या आडनावाचे पहिले अक्षर असते. म्हणजे पाटलांच्या पॅनमध्ये चौथे P आणि पाचवेही P. आडनावाच्या रकान्यात `SUNITA` बसली असेल तर S आणि P जुळत नाहीत आणि नोंद वर येते. चौथे अक्षर H असून प्रकार ‘व्यक्ती’ दाखवला असेल, तर एकत्र कुटुंबाचे खाते कुठेतरी हुकले आहे.

मात्र ही कसोटी नोंद अडवण्यासाठी वापरायची नाही, फक्त खूण करण्यासाठी वापरायची. लग्नानंतर आडनाव बदलले तरी पॅन क्रमांक तोच राहतो. माहेरच्या कुलकर्णी आणि सासरच्या पाटील असलेल्या बाईंच्या पॅनमधले पाचवे अक्षर K च असते. ‘पाचवे अक्षर जुळले नाही तर नोंद नाकारा’ असे कुणी शीटमध्ये लिहिले, तर बँकेच्या विवाहित महिला खातेदारांचा मोठा हिस्सा एका रात्रीत नाकारलेल्यांच्या यादीत जाईल. नियम तर्काला धरून असतो, पण ज्या समाजाची ती नोंदवही आहे तो लिहिणाऱ्याने पाहिलेला नसतो.

पुढचा पेच मोजणीचा आहे. जुन्या प्रणालीत प्रत्येक खात्याबरोबर ग्राहकाची नवी नोंद होत असे. बचत खाते, दोन मुदत ठेवी आणि एक कर्ज असलेली एकच बाई तिथे चार ग्राहक म्हणून नांदते. नव्या प्रणालीत ती एकच असायला हवी, कारण प्रत्येक ग्राहकाला एकच ओळख क्रमांक द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. मग चार नोंदी एक करायच्या कशाच्या आधारावर?

पॅन तोच आणि जन्मतारीख तीच असेल तर जोडावे, यावर सहसा वाद होत नाही. नुसते नाव तेच म्हणून कधीही जोडू नये. पाटलांच्या गावात सुनीता रमेश पाटील दोघी निघाल्या तर त्यात आश्चर्य नाही. मोबाइल तोच म्हणूनही जोडू नये, कारण आई, वडील, काकू आणि आजी या चौघांच्या खात्यावर मुंबईला नोकरी करणाऱ्या एकाच मुलाचा क्रमांक असतो. नाव, जन्मतारीख आणि मोबाइल तिन्ही जुळले आणि पॅन नसला, तर ती जोडी शाखेने डोळ्यांखालून घालावी. आणि ही जन्मतारीख १ जून असेल, तर तिचे वजन आणखी कमी धरावे. ती अर्ध्या गावाची आहे.

न जोडलेल्या दोन नोंदी पुढे कधीही जोडता येतात. चुकून जोडलेल्या दोन माणसांची खाती मात्र लगेच एकमेकांना दिसू लागतात, आणि ती निस्तरायला महिने जातात. म्हणून शंका आली की न जोडणे बरे.

जोडताना आणखी दोन गोष्टी शीटमध्ये लिहाव्या लागतात. पहिली, चार पत्त्यांपैकी कोणता टिकणार? उत्तर ‘शेवटच्या नोंदीतला’ असे नाही. केवायसी सर्वांत अलीकडे ज्या नोंदीवर झाली तिच्यातला. दुसरी, जुने चार ग्राहक क्रमांक कुठे ठेवायचे? त्यांची जुना-नवा अशी जोडयादी कायम जपावी लागते, कारण ते क्रमांक इतरत्र वापरलेले असतात. कर्जाच्या फाइलीत जामीनदार म्हणून नाव लिहिलेले नसते, त्याचा ग्राहक क्रमांक असतो. जामीनदाराची ती नोंद दुसरीत विरून गेली आणि जोडयादी नसली, तर कर्ज राहते पण जामीनदार हरवतो. हे बाहेर येते ते कर्ज थकल्यावर. जोडल्यामुळे खातेदारावरही परिणाम होतो: त्याच्या सगळ्या ठेवींचे व्याज आता एकत्र मोजले जाते आणि करकपातीची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. बँकेने हे आधी कळवले नाही तर एप्रिलमध्ये काउंटरवर भांडण ठरलेले.

मग तपासणी. पहिली बेरजेची. आपल्या बँकेत १८,६४० नोंदी निघाल्या. नव्या प्रणालीत १५,९१२ ग्राहक पोहोचले, २,६५५ नोंदी दुसऱ्यांत विलीन झाल्या आणि ७३ नाकारल्या गेल्या. तिन्हींची बेरीज १८,६४० येते, म्हणजे एकही नोंद वाटेत पडलेली नाही. ही बेरीज जुळेपर्यंत पुढची कोणतीही चर्चा करू नये. ७३ नाकारलेल्या नोंदींपुढे प्रत्येकी कारण छापलेले असावे. ‘इतर’ हे कारण नव्हे.

शिल्लक रकमेची बेरीज दोन्हीकडे पैशापर्यंत जुळावी, हे लेखापरीक्षक मागणारच. पण त्या बेरजेवर फार विसंबू नये. दोन खातेदारांच्या शिलका एकमेकांच्या खात्यात गेल्या, तरी एकूण बेरीज तीच येते. म्हणून शिल्लक खात्यागणिक ताडून पाहावी. यंत्राला त्याला काही मिनिटे लागतात.

जे यंत्राला ताडता येत नाही त्यासाठी नमुने काढून मूळ अर्जाशी पडताळतात. इथे एक गैरसमज नेहमीचा आहे. ३०० नोंदी चिठ्ठ्या टाकून काढल्या आणि एकही चूक सापडली नाही, तर सगळे ठीक असे धरले जाते. संख्याशास्त्र एवढेच म्हणू देते की चुकांचे प्रमाण ९५ टक्के खात्रीने एक टक्क्याच्या आत आहे. १८,६४० नोंदींत एक टक्का म्हणजे १८६ माणसे. त्यांतली बहुतेक विचित्र नोंदींचीच असतात, आणि चिठ्ठ्यांत त्या क्वचित येतात.

म्हणून दुसरा नमुना मुद्दाम वेचावा. सर्वांत लांब नाव आणि सर्वांत लहान नाव. ३० अक्षरे बरोबर भरलेली नावे, कारण ती बहुधा मध्येच कापली गेलेली असतात. २९ फेब्रुवारीची जन्मतारीख. एका शब्दाचे नाव. वसईचा किंवा गोव्याचा `D'SOUZA`, कारण त्यातल्या वरच्या स्वल्पविरामाने अनेक प्रोग्राम अडखळतात. पॅन नसलेले, अज्ञान, संयुक्त, दिवंगत. शून्यापासून सुरू होणारे आणि सोळा आकडी खाते क्रमांकही घ्यावेत, कारण एक्सेल पुढचे शून्य गिळते आणि पंधरा आकड्यांनंतरच्या जागी शून्य भरते. अशा पन्नास-साठ नोंदी चिठ्ठीने काढलेल्या ३०० पेक्षा जास्त चुका दाखवतात.

हे सगळे एकदाच करून भागत नाही. खऱ्या बदलाआधी किमान दोन-तीन रंगीत तालमी घ्याव्यात, आणि प्रत्येकीनंतर नाकारलेल्यांची यादी आखडत गेली पाहिजे. ती वाढत असेल किंवा दर वेळी नवीच कारणे निघत असतील, तर तारीख पुढे ढकलावी, संचालक मंडळाने उद्घाटनाचे निमंत्रण छापले असले तरी. शीटच्या प्रत्येक ओळीपुढे बँकेच्या एका माणसाची सही असावी. संगणक कंपनीला सुनीताबाईंचे माहेर ठाऊक नसते. ते शाखेतल्या जुन्या कर्मचाऱ्याला ठाऊक असते, आणि तो निवृत्त होण्याआधी त्याला या कामावर बसवणे शहाणपणाचे.

आपल्या बँकेने किंवा पतसंस्थेने प्रणाली बदलल्याचा संदेश आला, तर खातेदाराने पहिल्या पंधरवड्यात पासबुक भरून घ्यावे आणि पाच गोष्टी पाहाव्यात: नावाचा क्रम पॅनप्रमाणे आहे का, जन्मतारखेतला दिवस-महिना उलटला आहे का, मोबाइल स्वतःचाच आहे का, वारसाचे नाव आहे का आणि आपण कुणाला जामीन असू तर ती नोंद दिसते का. फरक आढळल्यास तोंडी सांगून येऊ नये. लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.